जुन्या सिमेंट पेंटवर वेदरप्रूफ इमल्शन

प्रश्न: बाहेरच्या भिंतीला जुना सिमेंट पेंट आहे, हात लावला की पांढरी भुकटी लागते. आता पुन्हा सिमेंट पेंट मारू की वेदरप्रूफ इमल्शन?

उत्तर: इमल्शनच मारा, पण ती भुकटी पूर्ण काढल्यावर. नाहीतर इमल्शनचा पापुद्रा फक्त भुकटीला चिकटतो, भिंतीला नाही. मग पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच पोपडे निघतात. रंगकामात मला हेच सर्वाधिक दिसतं, आणि दोष मात्र रंगाला दिला जातो. तारेच्या ब्रशने भिंत घासा, शेवाळ असेल तिथे बुरशीनाशक लावा, पाण्याने धुऊन नीट वाळू द्या. मग चिकटपट्टी दाबून ओढा. पट्टीवर पांढरं आलं तर पुन्हा घासा. भेगा बाहेरच्या कामाच्या फिलरनेच भरा (आतली पुट्टी पावसात टिकत नाही), नंतर एक्स्टिरियर प्रायमर आणि इमल्शनचे दोन हात. सिमेंट पेंट स्वस्त खरा, पण तो ओल्या भिंतीवर मारून नंतर पाणीही मारावं लागतं, आणि काही वर्षांत पुन्हा भुकटी सुटते. एकदा इमल्शन मारलं की त्यावर सिमेंट पेंट धरत नाही, हेही लक्षात घ्या. मात्र गच्चीतून किंवा पाइपमधून भिंतीत पाणी मुरत असेल तर आधी ती गळती बंद करा, नाहीतर इमल्शनखाली फुगे येतील.