‘क्रिएटिन कायनेज शटल’: वाहक, धोटा की खेप?

प्रश्न: “‘क्रिएटिन कायनेज शटल’ला मराठीत ‘क्रिएटिन कायनेज वाहक’ म्हटले तर चालेल का? हे विकर स्नायूपेशीत एटीपी इकडून तिकडे नेते, असाच त्याचा अर्थ ना?”

‘वाहक’ हा शब्द येथे चालणार नाही, कारण तो विकराला चिकटतो आणि विकर तर वाहून नेण्याचे काम करतच नाही. क्रिएटिन कायनेज दोन्ही टोकांना बसलेले असते. त्याचे एक रूप तंतुकणिकेच्या दोन पटलांमधल्या जागेत असते, तर दुसरे पेशीद्रव्यात असून त्याचा काही भाग आकुंचन पावणाऱ्या तंतुकांच्या एम-रेषेवर जखडलेला असतो. फिरतात ते क्रिएटिन आणि फॉस्फोक्रिएटिन. तंतुकणिकेतून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या एटीपीचा फॉस्फेट गट पहिले विकर क्रिएटिनवर चढवते आणि त्यातून सुटलेला एडीपी लगेच आत ओढला जातो. तंतुकांपाशी दुसरे विकर तोच गट फॉस्फोक्रिएटिनवरून उतरवून तिथल्या एडीपीवर ठेवते, म्हणजे एटीपी जागच्या जागी तयार होतो. मोकळे झालेले क्रिएटिन परत फिरते.

एवढा खटाटोप कशासाठी, एटीपी स्वतःच का जात नाही, हे उमगले की योग्य शब्दही सापडतो. खरी अडचण परतीच्या वाटेवर आहे. एटीपी जेवढा जाईल तेवढाच एडीपी परत यायला हवा, आणि विसरणाचा वेग संहतीतल्या फरकावर ठरतो. विश्रांत स्नायूत एटीपी 8, फॉस्फोक्रिएटिन 30 आणि क्रिएटिन 10 मिलिमोलर आहे असे धरू. सामू 7 च्या आसपास या अभिक्रियेचा समतोल-स्थिरांक सुमारे 166 असतो, म्हणून मुक्त एडीपी 8 × 10 ÷ (30 × 166), म्हणजे जेमतेम 16 मायक्रोमोलर निघतो. आता तंतुकांपाशी काम सुरू होऊन तिथले क्रिएटिन 11 आणि फॉस्फोक्रिएटिन 29 झाले, तर त्याच सूत्राने एडीपी सुमारे 18 मायक्रोमोलर होतो. दोन टोकांमध्ये क्रिएटिनचा फरक 1000 मायक्रोमोलरचा, तर एडीपीचा दोनच्या किंचित वर. हा जवळपास साडेचारशे पटींचा फरक पाहिला की परतीचा जवळजवळ सारा भार क्रिएटिनवर का पडतो, हे वेगळे सांगावे लागत नाही.

‘शटल’चा मूळ अर्थ विणकराचा धोटा, आणि मराठीत हा शब्द असताना तो वापरावासा वाटणे साहजिक आहे, मलाही तो मनापासून आवडतो. मात्र धोटा जाताना आणि येताना दोन्ही वेळा बाणा सोडत जातो. क्रिएटिन जाताना भरलेले असते आणि येताना रिकामे. ‘ने-आण’ शब्दातही दोन्ही बाजूंनी माल येतो, म्हणून तोही अर्थाला थोडा चुकतो. ‘खेप’ मात्र नेमका बसतो: भरली खेप जाते, रिकामी परतते. एकच रेणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ चालत जातो, असे मात्र त्यातून समजू नये. विसरणात रेणू वाट्टेल तसे भरकटतात, वाटेतही विकर असतेच, आणि फॉस्फेट गट मध्येच हस्तांतरित होऊ शकतो. दिशा असते ती रेणूंच्या एकत्रित प्रवाहाला.

शब्द वापरताना स्नायूचा प्रकारही पाहावा लागतो. हृदयात आणि मंद स्नायूंत तंतुकणिका भरपूर असतात आणि काम अखंड चालते, तिथे ‘खेप’ शोभते. ज्या शीघ्र स्नायूंत तंतुकणिका थोड्या असतात, तिथे फॉस्फोक्रिएटिनला ‘साठा’ म्हणणे अधिक खरे. वरच्याच आकड्यांत फॉस्फोक्रिएटिन निम्मे, म्हणजे 15, आणि क्रिएटिन 25 झाले, तरी सामू तोच राहिल्यास एडीपी फक्त 80 मायक्रोमोलरवर जातो. एटीपीतली घट एक टक्क्याच्याही आत राहते. फॉस्फरसच्या चुंबकीय अनुस्पंदन वर्णपटात हे प्रत्यक्ष दिसते: व्यायाम सुरू होताच फॉस्फोक्रिएटिनचे शिखर खचते, अजैव फॉस्फेटाचे वाढते आणि एटीपीची शिखरे मात्र जवळपास तशीच राहतात. या एकट्या चित्रावरून साठा आणि खेप यांत भेद करता येत नाही, कारण दोन्हींत फॉस्फोक्रिएटिन घटतेच. क्रिएटिन कायनेजचे पेशीद्रव्यातले स्नायू-रूप नसलेले उंदीरही जगतात. त्यांच्या स्नायूंना सुरुवातीचा जोराचा झटका तेवढा नीट देता येत नाही. म्हणून ‘एकमेव मार्ग’ असे शब्द येथे टाळावेत.

तेव्हा परिभाषेत ‘क्रिएटिन-खेप’ लिहावे, पहिल्या उल्लेखाशेजारी ‘क्रिएटिन कायनेज शटल’ ठेवावे, आणि वाक्यात ‘नेणे’ हे क्रियापद विकराला न देता फॉस्फोक्रिएटिनला द्यावे: “क्रिएटिन कायनेज फॉस्फेट चढवते-उतरवते, फॉस्फोक्रिएटिन तो नेते.”