किलोला ४५ रुपये मजुरी, पण देणार कुठून?

“ताई, उदबत्तीचं मशीन घेतलं की कच्चा माल कंपनीच घरपोच देणार आणि तयार काड्या किलोला ४५ रुपये मजुरीनं परत नेणार. स्टँपवर लिहून देतात. मशीन १ लाख १५ हजारांचं आहे, बचत गटातून कर्ज मिळतंय. दीर म्हणतात फसवणूक आहे, नवरा म्हणतो कागद आहे तर भीती कसली. घेऊ का?”

धनकवडीच्या शोभाताई (नाव बदललं आहे) नवऱ्याला घेऊनच आल्या होत्या. पिशवीत कराराची प्रत, रंगीत माहितीपत्रक आणि कंपनीच्या ऑफिसातून नमुना म्हणून मिळालेली कच्च्या काड्यांची जुडी. कच्ची म्हणजे वास न लावलेली काळी काडी. नवरा-बायकोत आठ दिवस धुसफूस चालली होती हे न सांगताही कळत होतं, म्हणून कोण बरोबर हा विषय मी बाजूला ठेवला आणि आधी हिशेबाला बसवलं.

त्यांच्या नवऱ्यालाच म्हटलं, रविवार पेठेत पूजेच्या सामानाच्या एखाद्या ठोक दुकानाला फोन लावा आणि ग्राहक म्हणून विचारा, कच्ची काडी किलोला काय भाव? दुकानदारानं सांगितलं, सत्तरच्या आसपास, जास्त घेतली तर थोडी कमी करू. आता माहितीपत्रक उघडलं. त्यात कच्च्या मालाचा दर छापलेला होता, किलोला ३८ रुपये. ३८ अधिक मजुरी ४५, झाले ८३. वाहतूक वेगळी, कंपनीचा नफा वेगळा. जी काडी पेठेत सत्तरला पडून आहे, ती ही कंपनी घरात ८३ ला पाडून घेणार आणि विकणार कोणाला? त्यांनी मोबाइलवर बेरीज दोनदा केली. मग म्हणाले, “म्हणजे कंपनी तोट्यात धंदा करणार?” तोट्यात कोणी करत नाही. पैसा दुसरीकडून येतो, आणि तो कुठून येतो हे शोधायचं असतं.

खऱ्या मजुरीचा अंदाज यावा म्हणून मी त्यांना सरकारचाच आकडा सांगितला. खादी आणि ग्रामोद्योग आयोगानं २०२० मध्ये उदबत्तीची योजना आणली तेव्हा मजुरी धरली होती किलोला १५ रुपये. एका स्वयंचलित मशीनवर चार माणसं, दिवसाला ८० किलो माल, माणशी ३०० रुपये. तेव्हापासून दर थोडा वाढला असेल, पण इथे तिपटीचं आश्वासन होतं. शिवाय माहितीपत्रकात एकटी बाई घरकाम सांभाळून दिवसाला ६० किलो काढणार होती. जाहिरातीत थोडं खरंही असतं, तेही सांगते. २०१९ मध्ये बाहेरच्या उदबत्तीच्या आयातीवर सरकारनं निर्बंध घातले, इथल्या मालाला मागणी आली. त्या खऱ्या गोष्टीच्या आडोशानं मशीन विकणारे बरेच उभे राहिले.

मेडिकलच्या कागदी पिशव्या चिकटवणाऱ्या, द्रोण लावणाऱ्या बायका माझ्याकडे येतात त्या दर सांगताना ओशाळतात, इतके ते कमी असतात. ऐकून राग यावा असा दर बहुतेक वेळा खरा निघतो. ऐकून हुरूप यावा असा दर असला की मी सावध होते.

मग करार वाचला. स्टँप पाचशेचा होता, पण स्टँपचा अर्थ शुल्क भरलं इतकाच. आत काय लिहिलंय ते कोणी तपासलेलं नसतं. कलम असं होतं: “माल कंपनीच्या गुणवत्तेच्या निकषांनुसार असल्यासच स्वीकारला जाईल.” निकष कोणते, याचा कुठेही पत्ता नाही. काडीची लांबी-जाडी किती, तुटफूट किती चालेल, ओल किती चालेल, काहीच नाही. उदबत्तीत खरी गोम ओलीचीच असते. कच्चा माल कोरडा मोजून मिळतो, त्यात पाणी घालून मळायचं, काडी काढायची आणि वाळवून द्यायची. कडक उन्हात घाईनं वाळवली तर काडी वाकते, आणि आषाढ-श्रावणात एका खोलीत पंख्याखाली ठेवली तर बुरशी धरते. दिलेल्या मालाच्या वजनात घट किती धरायची हेही लिहिलेलं नव्हतं. थोडक्यात, कुठलाही लॉट ‘ओला’ किंवा ‘वजन कमी’ म्हणून परत करायची मुभा कंपनीला होती, आणि माल शोभाताईंनी रोखीनं विकत घेतलेला असणार होता.

एक प्रश्न मात्र फोनवर विचारायचाच असतो. शोभाताईंनी माझ्यासमोरच स्पीकर लावला: “मशीन मी दुसरीकडून घेतलं, तर माझ्या काड्या घ्याल का?” पलीकडचा मुलगा क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, “मॅडम, आमच्याच मशीनची काडी चालते.” काडी काडीसारखीच असते. लांबी-जाडी बरोबर असेल तर खऱ्या खरेदीदाराला मशीन कोणाचं याच्याशी काय देणंघेणं? तेवढ्याच क्षमतेच्या मशीनचं कोटेशन दुसऱ्या विक्रेत्याकडून मागवलं, ते आलं ७६ हजारांचं. वरचे ३९ हजार कशाचे, हे त्यांच्या नवऱ्यानं आपणहून सांगितलं.

तरी त्यांचं मन निघेना. म्हणून म्हटलं, सहा महिने माल देणाऱ्या बाईंच्या घरी स्वतः जाऊन या, आणि बोलण्यापेक्षा पासबुक बघा. कंपनीनं आधी व्हिडिओ पाठवला. फारच मागे लागल्यावर वडगावचा एक नंबर दिला. तिथे मशीनवर जुनी साडी टाकलेली होती. पहिल्या दोन लॉटचे पैसे वेळेवर जमा झाले होते, नोंदी होत्या. तिसरा ‘ओला’ म्हणून परत आला, चौथा त्यांनी केलाच नाही. दारामागे ४० किलोचं पोतं तसंच उभं. तो नंबर कंपनीनं का दिला असेल? पहिल्या महिन्यात त्या बाई खूश होत्या, तेव्हाची यादी असावी. सुरुवातीचे पैसे नियमित मिळतात, कारण त्यावर पुढची मशीनं विकली जातात.

वडगावच्या त्या बाई नंतर माझ्याकडे आल्या. ‘धंद्यासाठी घेतलंय, ग्राहक मंच ऐकणार नाही’ असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ते चूक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पोट भरण्यासाठी, स्वतःच्या रोजगारासाठीच घेतलेल्या वस्तूचा खरेदीदारही ग्राहक धरला जातो. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. त्यांच्याकडे बिल होतं, माल परत केल्याचा मेसेज होता. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून मग जिल्हा आयोगाकडे अर्ज टाकला. पैसे मिळतील असं मी त्यांना सांगितलं नाही, कारण अशा कंपन्यांची ऑफिसं फार काळ एका जागी नसतात.

शोभाताईंनी मशीन घेतलं नाही. पेठेतल्या ज्या दुकानदाराला फोन केला होता, त्याच्याकडेच उदबत्ती पुड्यात भरायचं काम होतं. मी म्हटलं, हो म्हणण्याआधी एक तास घड्याळ लावून भरून बघा. काड्या मोजून, पुडा चिकटवून, डझनाचे गठ्ठे बांधून तासाला ३४ रुपये पडले. अनामत काही नाही, पैसे शनिवारी. “एवढ्यासाठी?” असं त्यांचे यजमान म्हणालेच. शोभाताई दुपारी तीन तास बसतात. किती नेलं, किती दिलं याची वही आहे, आणि दर खेपेला दुकानातल्या माणसाची सही घेतल्याशिवाय त्या पिशवी उचलत नाहीत.