जीमेलमध्ये शेड्यूल केलेलं मेल कुणाच्या घड्याळानं जातं?

प्रश्न: बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे. जर्मनीच्या एका गिऱ्हाइकाला कोटेशन पाठवायचं आहे. मंगळवारी २७ ऑक्टोबर २०२६ ला त्यांच्या सकाळी ९ ला त्यांच्या हातात पडावं असं वाटतं, शेवटची मुदत त्यांच्या दुपारी १२ ची आहे. त्या आठवड्यात मी सुगीला खानापूरकडं गावी असणार, तिथं रेंज नाही. आत्ताच जीमेलमध्ये शेड्यूल करून ठेवलं तर ते त्यांच्या वेळेनं जाणार की आपल्या? लॅपटॉप बंद असला तर चालेल का?

उत्तर:

आपल्या वेळेनं जाणार. त्या दिवशी जर्मनीत सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडं दुपारचा दीड, साडेबारा नव्हे. लॅपटॉप बंद असला तरी चालतं, कारण मेल गूगलच्या सर्व्हरवर थांबलेलं असतं आणि तिथूनच सुटतं. आता दीड का आणि साडेबारा का नाही, ते सांगतो.

जीमेलला तुमचं गिऱ्हाईक कुठं बसलंय ते ठाऊक नसतं. तुम्ही ज्या कॉम्प्युटरवरून वेळ निवडता, त्या कॉम्प्युटरचा टाइम झोन तो धरतो. तो क्षण एकदा ठरला की ठरला. नंतर तुम्ही कुठंही गेलात तरी मेल त्याच क्षणी जाणार. दुसऱ्या झोनमधल्या कॉम्प्युटरवर `Scheduled` उघडून बघितलंत तर आकडा तिथल्या वेळेत दिसेल, एवढंच. त्यामुळं हिशोब सगळा आपल्यालाच करायचा, आणि तो हिशोब आजच्या तारखेचा नाही, मेल जाणार त्या तारखेचा करायचा. गडबड होते ती इथंच.

तुम्ही आज गूगलवर जर्मनीची वेळ बघितलीत तर फरक साडेतीन तासांचा दिसेल, कारण तिथं अजून उन्हाळी वेळ चालू आहे. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, यंदा २५ तारखेला पहाटे, जर्मनीतली घड्याळं एक तास मागं जातात आणि फरक साडेचार तासांचा होतो. तुमचा मंगळवार त्या रविवारनंतर दोन दिवसांनी येतो. म्हणून ९ मध्ये साडेचार मिळवायचे, दुपारचा दीड. मुदतीचे १२ म्हणजे आपले साडेचार.

साडेबाराला लावून ठेवलं असतं तर मेल त्यांच्या ८ ला पोचलं असतं, काही बिघडलं नसतं. शरद ऋतूतली ही चूक आपल्याला सांभाळून घेते. मार्चमधली घेत नाही. समजा पुढच्या वेळी मुदत ३० मार्च २०२७ ला दुपारी १२ ची आहे आणि तुम्ही फेब्रुवारीत बसून शेड्यूल करताय. त्या दिवशी बघितलेला फरक साडेचार तास, म्हणून तुम्ही मुदत आपल्या साडेचारला धरणार आणि अर्धा तास हाताशी ठेवून ४ वाजता लावणार. पण २८ मार्चला तिथं परत उन्हाळी वेळ सुरू झालेली असणार, खरी मुदत आपल्या साडेतीनलाच संपलेली असणार. तुमचं मेल त्यांच्या साडेबाराला पोचलं. कोटेशन नीट, भाव नीट, आणि अर्ध्या तासानं बाद. (अमेरिकेची गिऱ्हाइकं असतील तर त्यांच्या तारखा वेगळ्या. ते मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं बदलतात, म्हणजे दोन्हीकडं एकच कोटेशन पाठवत असलात तरी हिशोब दोनदा करायचा.)

तोंडी गणितावर विसंबू नका. मी गूगल कॅलेंडर वापरतो, कारण ते तारीख धरून फरक काढतं. नवीन इव्हेंट उघडायचा, वेळेजवळच्या `Time zone` वर जाऊन बर्लिनचा झोन निवडायचा, २७ ऑक्टोबर सकाळी ९ भरायचं आणि सेव्ह करायचं. कॅलेंडर तुमच्या झोनवर असेल तर तो इव्हेंट दुपारी १:३० ला दिसेल. तीच वेळ जीमेलमध्ये घालायची.

आणखी एक विचारून घ्या. मुदत `CET` अशी लिहिली आहे की `CEST`? `CET` म्हणजे तिथली हिवाळी वेळ, `CEST` म्हणजे उन्हाळी. बरेच लोक वर्षभर सवयीनं `CET` च लिहितात. २७ ऑक्टोबरला `CET` बरोबरच आहे, पण उन्हाळ्यातल्या मुदतीला असं लिहिलेलं आलं तर सरळ एका ओळीत विचारा की बर्लिनच्या घड्याळानं का. आणि आपण कळवताना नुसतं `IST` लिहून सोडू नका. इस्रायल आणि आयर्लंडही तीच तीन अक्षरं वापरतात.

आता जीमेल. कॉम्प्युटरवर मेल लिहून झालं की `Send` च्या शेजारच्या बाणावर क्लिक करा, `Schedule send` घ्या. जी खिडकी येते तिच्यात वर बारीक अक्षरात झोनचं नाव असतं. तिथं `India Standard Time` आहे का तेवढं बघा. खाली तयार पर्याय देतात, उद्या सकाळी, सोमवारी सकाळी वगैरे. ते आपल्या सकाळचे असतात. सोमवारी सकाळी ८ दाबलंत तर जर्मनीत तेव्हा भल्या पहाटेचं. तुम्ही `Pick date & time` घेऊन तारीख आणि `1:30 PM` हातानं भरा.

ते झोनचं नाव बघा म्हणतोय त्याला कारण आहे. शहापुरातल्या एका ओळखीच्या पॅटर्नवाल्यानं नवीन लॅपटॉप घेतला. विंडोज घालून देताना झोन पॅसिफिकवरच राहिला होता, आणि घड्याळ चुकीचं दिसतंय म्हणून कुणीतरी काटे हातानं बेळगावच्या वेळेला आणून ठेवले होते. कोपऱ्यातली वेळ अगदी बरोबर दिसायची, त्यामुळं कुणाला शंकाच येईना. आत मात्र तो लॅपटॉप स्वतःला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर समजत होता. अशा लॅपटॉपवरून तुम्ही २७ ला १:३० लावलंत तर मेल कॅलिफोर्नियाच्या दीडला सुटेल, म्हणजे आपल्याकडं २८ तारखेच्या रात्रीचे २, जर्मनीत २७ च्या रात्रीचे साडेनऊ. मुदत केव्हाच गेलेली.

हे ओळखायची खूण सोपी. स्वतःलाच एक मेल पाठवा आणि इनबॉक्समध्ये त्याची वेळ बघा. आत्ता सकाळचे ११ असताना आलेलं मेल काल रात्री साडेदहाचं दिसत असेल, तर झोन चुकलाय. घड्याळाचे काटे हलवून हे दुरुस्त होत नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाइप करा:

```
tzutil /g
```

उत्तर `India Standard Time` यायला पाहिजे. नसेल तर `Settings` मध्ये `Time & language`, मग `Date & time`, तिथं `(UTC+05:30) Chennai, Kolkata, Mumbai, New Delhi` निवडा आणि वेळ आपोआप घ्यायचा पर्याय चालू ठेवा. झोन बदलल्यावर ब्राउझर बंद करून परत उघडा. आधी शेड्यूल केलेली मेलं मात्र जुन्या क्षणालाच चिकटून असतात, ती रद्द करून नव्यानं लावायची.

गावी जायच्या आधी एक चाचणी करून जा. त्याच लॅपटॉपवरून स्वतःच्या दुसऱ्या पत्त्यावर दहा मिनिटांनंतरचं एक मेल शेड्यूल करा. आलं की उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून `Show original` उघडा. तुमच्या खऱ्या मेलच्या बाबतीत तिथली ओळ अशी असली पाहिजे:

```
Date: Tue, 27 Oct 2026 13:30:00 +0530
```

शेवटचं `+0530` म्हणजे आपला झोन. त्याच पानावर `Received` च्या ओळींत `-0700` दिसेल, तेव्हा घाबरू नका. ते गूगलच्या सर्व्हरचं घड्याळ आहे आणि क्षण तोच. २७ ऑक्टोबरला आपले १३:३० म्हणजे त्यांचे रात्रीचे १:००. घोटाळा झालाय असं समजायचं ते `Date` च्याच ओळीत `+0530` नसेल तर.

मेल ठरल्या मिनिटालाच सुटेल असं धरू नका. दोन-चार मिनिटं इकडं-तिकडं होतात. तुमच्याकडं तीन तास हाताशी आहेत, म्हणून फरक पडत नाही. पण मुदतीच्या आदल्या पाच मिनिटांना कधी लावू नका. दुसरं म्हणजे गिऱ्हाइकाचा पत्ता चुकला असेल तर ते मेल सुटल्यावरच कळणार, आणि परत आलेलं मेल बघायला तुम्हाला रेंज नाही. त्यापेक्षा आजच त्याच पत्त्यावर एक साधं मेल टाका, कोटेशन २७ ला पाठवतो म्हणून, आणि त्यांचं उत्तर येऊ द्या. पत्ताही तपासून होतो आणि मुदत कुणाच्या घड्याळाची तेही त्यातच विचारून होतं.

कारखान्यात जीमेल नसून जुनं आउटलुक असेल तर गोष्ट वेगळी. त्यातलं `Do not deliver before` हे साध्या पॉप किंवा आयमॅप खात्यावर आउटलुक उघडं असेल तरच मेल सोडतं. तुम्ही गावी, कारखान्यात लाइट गेली, कॉम्प्युटर बंद, की मेल आउटबॉक्समध्ये पडून राहिलं. हे काम जीमेलवरूनच करा.

लोखंडाचा भाव मध्येच हलला आणि कोटेशन बदलायचं झालं तर रस्त्यावर जिथं रेंज मिळेल तिथून फोनवरही होतं. मेनूतल्या `Scheduled` मध्ये जायचं, मेल उघडायचं, `Cancel send` दाबायचं. तेव्हा ते ड्राफ्टमध्ये जातं आणि आधी लावलेली वेळ पुसली जाते. आकडा दुरुस्त करून नुसतं मागं आलात तर ते ड्राफ्टमध्येच बसून राहणार. तीन ठिपक्यांतून परत `Schedule send` करून तारीख आणि दीडची वेळ पुन्हा भरा, आणि `Scheduled` मध्ये ते दिसतंय ना हे बघूनच फोन खिशात ठेवा.