‘आपण’ कुठे गेलं?

प्रश्न : मी 36 वर्षांची, नवरा 39. लग्नाला 11 वर्षं झाली, मुलगी आठ वर्षांची आहे. आमचं भांडण नाही, अबोलाही नाही. पण दिवाळीपासून त्याच्या बोलण्यातलं ‘आपण’ गेलंय. आधी म्हणायचा, “दोन वर्षांत आपण मोठं घर बघू.” आता घराचा विषय काढला की “बघू” म्हणून उठतो. गेल्या महिन्यात म्हणाला, “मी पीएफमधून पैसे काढणार आहे.” मग, “होळीला आम्ही गावी जातोय.” आणि परवा मुलीच्या सुट्टीतल्या शिबिराबद्दल विचारलं तर, “तुमचं काय ते ठरवा.” जानेवारीत सासऱ्यांची बायपास झाली, तेव्हापासून दोघा भावांचे सारखे फोन चालू असतात. मैत्रीण म्हणते, बाहेर काहीतरी असेल. मी शब्दांचा कीस पाडतेय का?

उत्तर : कीस पाडताय, पण मराठीत तो पाडायला जागा आहे. इंग्रजीला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत फरकच करता येत नाही, दोन्हींना एकच शब्द. आपल्याकडे ‘आपण’मध्ये ऐकणारा धरलेला असतो, ‘आम्ही’मध्ये तो वगळलेला असतो. त्यामुळे हाच माणूस मित्राला फोनवर “आम्ही जूनमध्ये घर बदलतोय” म्हणाला, तर त्या ‘आम्ही’त तुम्ही आहात. तुमच्याकडे बघून “आम्ही होळीला जातोय” म्हणाला, तर त्यात तुम्ही नाही. म्हणून शब्द नुसता मोजू नका, तो कुणाशी बोलताना आला ते बघा.

मोजण्यात आणखी एक गोची आहे. मराठीत कर्ता बहुतेक वेळा बोललाच जात नाही, तो क्रियापदात बसलेला असतो. “शनिवारी निघू” यात ‘आपण’ दिसत नाही, पण आहे. “निघूया” म्हटलं तर शंकाच नको. “निघेन” म्हणजे एकटा. “घेऊ का?” मात्र फसवं आहे, त्याचा अर्थ ‘मी घेऊ का’ असाही होतो. नुसतं “बघू” तर कशाचाच पुरावा नाही. महाराष्ट्रातले निम्मे नवरे लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून “बघू” म्हणत आलेत.

आता तुमची वाक्यं. पीएफचा ‘मी’ आणि गावचं ‘आम्ही’ यांचा उगम मला सासऱ्यांच्या आजारपणात दिसतो. बायपासचा खर्च, पुढची औषधं, कोण किती देणार यावर भावांत जे चाललंय, त्यात माणूस बायकोचा नवरा कमी आणि आईबापाचा मुलगा जास्त होतो. त्याचं ‘आम्ही’ काही महिने माहेरी गेल्यासारखं जुन्या घराकडे परत जातं. घराचा विषय टाळणंही त्यातच बसतं. पैसे कुठे चाललेत हे सांगायचं नसलं, की पुढच्या दोन वर्षांबद्दल बोलता येत नाही. मला खटकलं ते चौथं वाक्य. “तुमचं काय ते ठरवा” यात त्याने तुम्हाला आणि मुलीला एका बाजूला ठेवलं, स्वतःला दुसऱ्या. मुलीच्या शिबिराचा भावांशी काही संबंध नाही. असं वाक्य एकदा थकव्यातून येतं. मुलीच्याच विषयांत ते पुन्हा पुन्हा येत असेल, तर ते वेगळं आहे.

मैत्रिणीच्या निदानाबद्दल दोन अभ्यास सांगते. बर्कलेच्या रॉबर्ट लेव्हन्सन यांच्या गटाने 2009 मध्ये 154 मध्यमवयीन आणि वयस्क जोडप्यांची मतभेदावरची संभाषणं तपासली. ज्यांच्यात ‘वुई’ जास्त होतं, त्यांचं वागणं एकमेकांशी अधिक प्रेमळ होतं आणि वाद चालू असताना शरीरही शांत होतं. ‘मी’ आणि ‘तू’ जास्त असलेली जोडपी कमी समाधानी निघाली. हे तुमच्या भीतीला धरूनच झालं. पण टेक्सासमध्ये जेम्स पेनेबेकर आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये रेडिटवरच्या 6,803 जणांचं लेखन तपासलं, ज्यांचं नातं तुटलं होतं. भाषेतला बदल तुटण्याच्या सुमारे तीन महिने आधीपासून दिसत होता खरा, पण त्यात ‘मी’बरोबर ‘वुई’सुद्धा वाढलेलं होतं. म्हणजे ‘आपण’ कमी झालं की नातं संपलं, असा नियम नाही. आणि ‘बाहेर काहीतरी’ आहे का, हे तर कुठल्याच सर्वनामातून कळत नाही.

म्हणून आधी 14 दिवस एक वही ठेवा. दिवसाला दोन-तीन वाक्यं, जशीच्या तशी. शेजारी विषय आणि तेव्हा किती वाजले होते. “आज तुटक बोलला” असं लिहू नका, तो तुमचा निष्कर्ष झाला. त्याच वहीत तुमचीही वाक्यं लिहा. “मी पिल्लूचं बघते, तू राहू दे” असं तीन महिने ऐकलेला माणूस “तुमचं तुम्ही ठरवा” म्हणायला लागतो. मग तुमच्या स्वतःच्या फोनमधले गेल्या वर्षी याच महिन्यातले तुम्हा दोघांचे मेसेज काढा. नुसतं ‘आपण’ शोधून भागणार नाही, ‘जाऊ’, ‘घेऊ’, ‘करू’ही शोधा. रोमन अक्षरांत लिहीत असाल तर तसं टाइप करून बघा. शाळेची गोष्ट शाळेच्या गोष्टीशी, पैशाची पैशाशी, अशीच तुलना करा. त्याचा फोन उघडू नका. तिथे काही सापडलं नाही तरी तुमचं समाधान होणार नाही, आणि पकडल्या गेलात तर विषय तुमचा होईल, त्याचा नाही.

‘मी’ फक्त पैसे, वडील आणि गाव यांच्याभोवतीच जमलेला दिसला, तर गोष्ट पैशाची आहे. मुलगी, सुट्टी, रविवारचं जेवण इथेही पसरला असेल, तर तुमच्या दोघांची आहे.

मग बोला, पण वहीतलं काही त्याला वाचून दाखवू नका. “तू हल्ली ‘आपण’ म्हणत नाहीस” हे तर मुळीच नको. एकतर तो हसेल, नाहीतर उद्यापासून ठरवून ‘आपण’ म्हणायला लागेल, आणि तुमच्या हातातलं एकमेव मोजमाप गेलं. मुलगी खाली खेळायला गेली असताना, सकाळी, अर्धा तास पुरे. सुरुवात अशी : “बाबांच्या ऑपरेशनपासून पैशाचं तू एकटाच ओढतोयस. पीएफमधून किती काढतोयस, आणि भाऊ किती देतोय?” एवढं विचारून थांबा. आकडा विचारलेल्या प्रश्नाला “बघू” हे उत्तर देता येत नाही. आकडा आला, मग भले तो मोठा असो, की दोघं मिळून हिशोबाला बसा. बहुतेक घरांत ‘आपण’ त्या कागदावरच परत येतं.

आठवड्याभराने तारखेची एक छोटी गोष्ट समोर ठेवा : “मेच्या दुसऱ्या आठवड्यात पिल्लूला घेऊन दोन दिवस जाऊ. शुक्रवारी निघायचं की शनिवारी?” त्याने वार सांगितला, किंवा “मेमध्ये नको, बाबांची तपासणी आहे, जूनमध्ये जाऊ” म्हणाला, तरी चालेल. नकारात पुढची तारीख आहे, आणि ‘जाऊ’ही आहे. “तुम्ही दोघी जाऊन या” आलं, तर एकदा सोडून द्या. तीन आठवड्यांत तिसऱ्यांदा आलं, तर सर्वनामांचा नाद सोडा आणि सरळ विचारा : “तुला माझ्याबरोबर राहायचंय ना?” उत्तराला तो वेळ मागेल. द्या, पण दिवस ठरवून. त्या दिवशीही टाळलं, तर विवाह समुपदेशकाची वेळ घ्या. तो आला नाही तरी पहिल्या भेटीला तुम्ही एकट्या जा. जाताना वही बरोबर असू द्या, तिथे ती उपयोगी पडेल.