फर्मी ‘पातळी’ कसली आणि तिचं ‘सरकणं’ कसलं?

प्रश्न : आमच्या परभणीकडं जायकवाडीची पातळी म्हटलं की पाणी तिथवर आलंय, एवढा सरळ अर्थ. मग फर्मी पातळी निषिद्ध पट्ट्यात कशी काय? तिथं तर इलेक्ट्रॉन राहूच शकत नाही. आणि डोपिंग केल्यावर ती सरकते म्हणजे नक्की काय सरकतं?

फर्मी पातळी ही इलेक्ट्रॉनची जागा नाही, हिशोबाची खूण आहे. त्या ऊर्जेला जागा असती, तर ती भरलेली असण्याची शक्यता बरोबर निम्मी आली असती, एवढंच ती सांगते. जागा असलीच पाहिजे अशी अट नाही. शुद्ध सिलिकॉनमध्ये वहन पट्ट्यातले इलेक्ट्रॉन आणि संयुजा पट्ट्यातले होल सारखेच असतात, म्हणून ही खूण १.१२ eV रुंदीच्या निषिद्ध पट्ट्याच्या जवळपास मध्यावर पडते.

आता दर घन सेंटिमीटरला 10¹⁶ फॉस्फरसचे अणू घाला. सिलिकॉनचे अणू 5×10²² असतात, म्हणजे ५० लाखांत एक. खोलीच्या तापमानाला जवळजवळ प्रत्येक फॉस्फरस आपला जादा इलेक्ट्रॉन वहन पट्ट्यात सोडून देतो. शुद्ध सिलिकॉनमध्ये तिथं सुमारे 10¹⁰ इलेक्ट्रॉन होते, ते आता दहा लाख पट झाले. पट्टे जागचे हलले नाहीत, त्यांच्यातल्या जागाही वाढल्या नाहीत. मग एवढे इलेक्ट्रॉन हिशोबात बसवायचे तर खूणच वर न्यावी लागते. किती, ते असं, यात EF ही आताची खूण, Ei ही शुद्ध सिलिकॉनमधली, n आणि ni हे आताचे आणि शुद्ध सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन आणि kT ही खोलीच्या तापमानाची उष्णता-ऊर्जा eV मध्ये :

```
EF − Ei = kT ln(n/ni)
        = 0.0259 × ln(10^6) ≈ 0.36 eV
```

म्हणजे ती वहन पट्ट्याच्या तळाखाली साधारण ०.२ eV वर येते. डोपिंग दहापट केलं की आणखी ०.०६ eV वर. बोरॉन घातलं तर हाच हिशोब खालच्या दिशेनं.

उत्तरपत्रिकांत हमखास दिसणारी चूक म्हणजे फर्मी पातळी दाता पातळीवरच, नाहीतर तिच्याही वर काढणं. फॉस्फरसची दाता पातळी वहन पट्ट्याखाली फक्त ०.०४५ eV वर असते. फर्मी पातळी तिच्या वर गेली, तर बहुतेक दाते भरलेलेच राहतील, मग वहन पट्ट्यात इलेक्ट्रॉन आले कुठून? तसं चित्र फार थंड सिलिकॉनचं असतं. उलट खूप तापवलं की उष्णतेनं निर्माण झालेल्या जोड्या फॉस्फरसच्या इलेक्ट्रॉनांना मागं टाकतात आणि खूण पुन्हा मध्याकडं येते.

‘सरकते’ हे क्रियापदही जपून वापरावं, कारण सरकणं हे पट्ट्यांच्या तुलनेत आहे. पी आणि एन जोडून डायोड केला आणि बाहेरून व्होल्टेज दिलं नाही, तर फर्मी पातळी दोन्हीकडं एका सरळ रेषेत राहते आणि वाकतात ते पट्टे. दोन्ही बाजूंना 10¹⁶ डोपिंग असेल तर इकडचे ०.३६ आणि तिकडचे ०.३६ मिळून ०.७२ eV चा चढ तयार होतो. सिलिकॉन डायोडचं अंगभूत विभवांतर ०.७ व्होल्टच्या आसपास सांगतात, ते यातूनच येतं.