कायमचं परतताना एनआरई-एनआरओ खात्यांचं काय करायचं

«मस्कतला अकरा वर्षं झाली. १ नोव्हेंबरला सहकुटुंब कायमचे नाशिकला परततोय. एनआरईमध्ये ३० लाखांची एफडी आहे, ७ टक्क्यांची, मुदत संपायला अजून सव्वा वर्ष. बचतीतही थोडे पैसे आहेत. एनआरओत फ्लॅटचं भाडं जमा होतं. दोन वर्षांनी मुलाला शिकायला जर्मनीला पाठवायचंय. बँकेतला मित्र म्हणतो, १८२ दिवस पूर्ण होईपर्यंत खात्यांना हात लावू नकोस. खरं का?»

नाही. मित्राचे १८२ दिवस प्राप्तिकराचे आहेत. खाती चालतात फेमावर, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यावर, आणि फेमा दिवसांपेक्षा हेतू बघतो. नोकरी सोडून, बिऱ्हाड आवरून, कायमचं राहायचं म्हणून तुम्ही विमानातून उतरलात की त्या दिवसापासून तुम्ही निवासी. सुट्टीला येऊन दोन महिने राहणारा अनिवासीच राहतो, कारण त्याची नोकरी तिकडे असते. निवासी झालात की बँकेला लगेच कळवून एनआरई आणि एनआरओ दोन्ही खाती निवासी करून घ्यायची असतात. आखातातून परतलेली कितीतरी मंडळी वर्षानुवर्षं हे करत नाहीत आणि बँकही विचारायला येत नाही, ते वेगळं. नियम मात्र हाच.

यातला खरा घोळ करात होतो, कारण दोन कायदे दोन वेगळ्या तारखा धरतात. तुमचंच गणित मांडू. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च हे १५१ दिवस होतात. दरवर्षी महिनाभराच्या सुट्टीपलीकडे तुम्ही इकडे राहिला नसाल, म्हणजे मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भरले नसतील, तर या आर्थिक वर्षापुरते तुम्ही प्राप्तिकराच्या लेखी अनिवासीच राहता. मग वाटतं, एनआरईचं व्याजही मार्चपर्यंत करमुक्त. तसं नाही. एनआरईच्या व्याजाची सूट फेमाच्या व्याख्येला बांधलेली आहे, म्हणून ती १ नोव्हेंबरलाच संपते. ३० लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाचे २ लाख १० हजार, त्यातले १५१ दिवसांचे सुमारे ८७ हजार करपात्र. खात्यावर अजून एनआरईचा शिक्का असला तर बँक टीडीएस कापणार नाही. पैसे पूर्ण हातात येतात म्हणून कर नाही असं समजू नका, रिटर्नमध्ये ते तुम्हालाच दाखवायचे आहेत.

एफडी मोडायची मात्र गरज नाही. तीच ठेव निवासी म्हणून पुढे चालते आणि ठरलेला दर मुदत संपेपर्यंत मिळतो. इथे एक जपा. माझ्या बँकेतल्या काउंटरवरच्या मुलीने सरळ 'जुनी बंद करून नवी काढू' असं सुचवलं होतं. तिच्यासाठी ते सोपं असतं, आपल्याला दर नव्या दिवसाचा लागतो आणि मुदतीआधी मोडल्याचा फटका बसू शकतो. अर्जातच लिहा: 'ठेव मुदतपूर्व बंद न करता, आहे त्या दराने व मुदतीने निवासी करावी.' नवी पावती हातात आली की दर आणि देय तारीख जुन्या पावतीशी ताडून बघा.

आता जर्मनीचा मुद्दा. तुमच्या बाबतीत खरा निर्णय हाच, आणि तो खाती बदलण्याआधी घ्यायचा आहे. निवासी झाल्यावर परकीय चलन ठेवायला आरएफसी नावाचं खातं मिळतं. एनआरईतला पैसा त्यात नेता येतो, पण फक्त निवासी होतानाच्या वळणावर. एकदा तो साध्या निवासी बचत खात्यात गेला की तो इतरांसारखाच रुपया. पुढे परदेशी पाठवायचा तर एलआरएसची, म्हणजे निवासींनी बाहेर पैसे पाठवायच्या योजनेची, वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, आणि वर्षभरात १० लाखांच्या वर पाठवलंत की टीसीएस, म्हणजे पाठवतानाच बँक वसूल करते तो आगाऊ कर. आरएफसीतला पैसा त्या मर्यादेत मोजला जात नाही. मुलाची फी असो, व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं जर्मन ब्लॉक्ड अकाउंट असो, थेट तिथून जातं. पुन्हा कधी परदेशी नोकरीला गेलात तर ती शिल्लक एनआरईमध्ये किंवा एफसीएनआर या अनिवासींच्या परकीय चलनातल्या ठेवीत परतही नेता येते.

म्हणून सगळंच आरएफसीत ओता, असं मी सांगणार नाही. एनआरई रुपयात आहे. आज रुपयाचे युरो करताना बँकेचा विक्री दर लागतो, म्हणजे पहिल्याच पायरीला काही टक्का गळतो, शिवाय ७ टक्क्यांचं व्याज सुटतं. ३० लाखांची एफडी रुपयातच राहू द्या, घरखर्चाला लागेल. मुलासाठी जो पैसा अजून रुपयात आलेलाच नाही तो वापरा. निघण्याआधी ओमानी खात्यातल्या रियालचे डॉलर किंवा युरो करून एफसीएनआर ठेव काढा, किमान मुदत एक वर्ष. ती अनिवासी असतानाच काढता येते. परतल्यावर ठरलेल्या मुदतीपर्यंत ती तशीच चालते, आणि संपल्यावर चलन न बदलता आरएफसीत जाते. नोकरीच्या शेवटची ग्रॅच्युइटी उशिरा मिळाली तरी ती मागाहून थेट आरएफसीत घेता येते.

करातही याचा फायदा आहे. एफसीएनआर आणि आरएफसीच्या व्याजाची सूट प्राप्तिकराच्या दर्जावर ठरते, म्हणजे अनिवासी असताना आणि आरएनओआर, म्हणजे परतल्यावर पूर्ण निवासी होण्याआधीच्या मधल्या दर्जात असतानाही ती मिळते. तुमची अकरा वर्षं बाहेर गेलेली असल्याने हे वर्ष अनिवासी आणि पुढची दोन आर्थिक वर्षं आरएनओआर, असा हिशोब बसतो. मुलगा जाईपर्यंतचा काळ त्यात जवळजवळ निघतो. आरएनओआर संपलं की व्याज करपात्र होतं, आणि मस्कतचं खातं चालू ठेवलंत तर (ठेवायला हरकत नाही, ते अनिवासी असतानाचं आहे) ते रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावं लागतं.

एनआरओचं काम सोपं आहे आणि त्यात उशीर करणं म्हणजे स्वतःचंच नुकसान. त्या खात्यावर बँक व्याजातून ३१.२ टक्के कापते. निवासी झाल्यावर ठेवींच्या व्याजावर १० टक्के, तेही ठरावीक मर्यादेच्या वर. जादा कापलेलं रिफंडने मिळतं, पण वर्ष जातं. भाडेकरूलाही कळवा, कारण अनिवासी घरमालकाचं भाडं देताना त्याने कापायचा कर वेगळा असतो.

शाखेत जाताना पासपोर्ट (आगमनाच्या शिक्क्याच्या पानासह), पॅन, आधार, नाशिकच्या पत्त्याचा पुरावा आणि ओमानचा व्हिसा रद्द केल्याचा कागद न्या. निवासी झाल्याचा अर्ज आणि फॅटकाचं, म्हणजे कोणत्या देशात कर भरता याचं, स्वयंघोषणापत्र बँक देते. मोबाईल नंबर मात्र मस्कतमधूनच बदला. ओमानी सिम बंद पडलं की ओटीपी कुठे येणार, आणि नंबर बदलायलाही ओटीपीच लागतो. खातं पत्नीसोबत असेल तर व्यवहाराची पद्धत 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' करायचं त्याच अर्जात लिहा. आणि एसआयपी किंवा विम्याचे हप्ते एनआरईतून जात असतील तर खाते क्रमांक तोच राहणार का बदलणार, हे आधी विचारून ठेवा. बदलणार असेल तर नवे मॅन्डेट भरेपर्यंत जुन्या खात्यात एखाद्या हप्त्यापुरते पैसे असू द्या आणि ते नेमकं कधी बंद होणार ती तारीख लेखी घ्या.