चौथी क्विझ आणि ईएसई बाकी आहे, ग्रेड कुठून कुठपर्यंत जाऊ शकते?

प्रश्न: सांगलीतल्या एका स्वायत्त इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. एका विषयाचं वेटेज सेमिस्टरभरच्या क्विझचं म्हणजे आयएसईचं २०, मधल्या परीक्षेचं म्हणजे एमएसईचं ३०, सेमिस्टरअखेरच्या परीक्षेचं म्हणजे ईएसईचं ५० असं आहे. आयएसईत दहा-दहा मार्कांच्या चार क्विझ असतात, त्यातल्या चांगल्या तीन धरतात. तीन झाल्या: ८, ५, ७. एमएसईत ५० पैकी ३१ मिळाले. चौथी क्विझ आणि १०० मार्कांचा ईएसईचा पेपर राहिलाय. ईएसईत ४० पडलेच पाहिजेत. ५० ला बी, ६० ला बी प्लस, ७० ला ए, ८० ला ए प्लस, ९० ला ओ. पोर्टलवर ६७.२ टक्के दिसतायत. म्हणजे बी प्लस पक्की ना? जास्तीत जास्त आणि कमीत कमी काय होईल?

उत्तर:

पक्की नाही. ओ आता हाताबाहेर गेली, ए प्लस अजून शक्य आहे, आणि खालच्या बाजूला नापासही होऊ शकता. मी इथेच सांगलीत शिकवते, आणि सेमिस्टरच्या शेवटी पोर्टलवरचा हा आकडा घेऊन कोणी ना कोणी येतंच. तो आकडा थोडा वेळ बाजूला ठेवा.

आधी शंभरपैकी तुमच्या खिशात आलेले मार्क मोजू. एमएसई सोपी: ३१ भागिले ५०, गुणिले ३०, म्हणजे १८.६. ते आता हलणार नाहीत. ईएसईतून शून्यापासून ५० पर्यंत काहीही येऊ शकतं. साधारण हिशोब एवढाच असतो: मिळालेल्यात बाकीच्याला शून्य धरलं की तळ, पूर्ण धरलं की माथा.

पण तुमच्या आयएसईत 'चांगल्या तीन' हा नियम आहे, आणि गडबड तिथेच होते. बहुतेक जण म्हणतात, चारातली एक क्विझ राहिली, म्हणजे वीसचा चौथा हिस्सा, पाच मार्क अजून लटकलेत. तसं नाही. चौथीत शून्य पडलं तर तेच शून्य गळतं. ८, ७, ५ राहतात, बेरीज २०, आणि तिसातले वीस म्हणजे वेटेजचे १३.३३. चौथीत दहापैकी दहा पडले तर ५ गळतात. १०, ८, ७ म्हणजे २५, वेटेजचे १६.६७. म्हणजे त्या क्विझवर फक्त ३.३३ मार्क अवलंबून आहेत, आणि तेही पाचाच्या वर गेलात तरच. चौथीत २ पडोत की ५, आयएसईत काडीचा फरक पडत नाही.

आता बेरीज करा. तळ: १८.६ आणि १३.३३, मिळून ३१.९३. माथा: १८.६, १६.६७ आणि ५०, मिळून ८५.२७. ओ गेली म्हटलं ते यामुळे.

तळाचा ३१.९३ हा आकडा मात्र कागदापुरता आहे, कारण ईएसईत शून्य मिळवून कोणी ग्रेड घेत नाही. तुमच्या अटीप्रमाणे पेपरात ४० पडले तर वेटेजचे २० येतात, म्हणजे एकूण ५१.९३. पास झालात तर याच्या खाली जाणार नाही, म्हणजे बी तरी आहेच. ३८ पडले आणि चौथी क्विझ झकास गेली, तर एकूण ५४.२७ होतील, बी च्या रेषेच्या वर, आणि तरीही निकालात एफ. पासिंगची अट एकूण मार्कांवर नसून त्या पेपरावर आहे, त्यामुळे ती बेरजेत कुठे दिसत नाही. वेगळी लिहून ठेवा.

मग ६७.२ आले कुठून? पोर्टलने चौथीची वाट न बघता आत्ताच ५ गाळून टाकलेत. ८ आणि ७ ची सरासरी साडेसात, म्हणजे आयएसईचे १५. त्यात १८.६ मिळवले की ३३.६, आणि त्याला आजवर तपासलेल्या ५० वेटेजने भागलं की ६७.२ टक्के. तीनही क्विझ धरल्या असत्या तर ६३.९ दिसले असते. दोन्ही आकडे एवढंच सांगतात की आतापर्यंतच्या अर्ध्या विषयात तुम्ही कसे आहात. पोर्टल मूडलवर असेल तर `Exclude empty grades` ही सेटिंग चालू असल्यामुळे असं होतं. ती कोणी बंद केली की रिकाम्या जागी शून्य धरलं जातं, आणि उद्या त्याच पानावर ३१.९३ दिसतील. घाबरू नका, तो तुमचा तळ आहे.

हाच सापळा एक्सेलमध्येही आहे. क्विझ B2 ते B5, एमएसई B6, ईएसई B7 असं धरा:

```
=(SUM(B2:B5)-MIN(B2:B5))/30*20+B6/50*30+B7/100*50
```

B5 रिकामा ठेवलात तर MIN त्याच्याकडे बघतच नाही, ५ वजा करतो, आणि दोन क्विझच्या बेरजेला तिसाने भागून आयएसई १० वर आणून ठेवतो. तिथे शून्य टाइप करा, १३.३३ येतील. मग शून्याच्या जागी १० आणि B7 मध्ये १०० घालून माथा बघा.

आता कामाचा भाग. बी प्लसला चौथी क्विझ वाया गेली तर ईएसईत १०० पैकी ५७ लागतील, पूर्ण मार्क पडले तर ५० पुरतील. ए साठी तेच ७७ आणि ७०. ए प्लससाठी ९७ आणि ९०. म्हणजे दहा मार्कांची ती क्विझ ईएसईच्या पेपरातले सात मार्क वाचवते. पाचाच्या वरचा प्रत्येक मार्क ईएसईतल्या सव्वा मार्काहून थोडा जास्तच. तीन तासांच्या पेपरात ते सात मार्क काढणं किती जड जातं, हे तुम्हाला एमएसईवरून कळलंच असेल. माझं मत विचाराल तर तुमचं खरं लक्ष्य ए आहे. ए प्लसवर डोळा ठेवून बाकीच्या विषयांचा अभ्यास बुडवू नका.

सरांना दोन गोष्टी विचारून घ्या. एक, मार्क पूर्णांकात कुठे करतात, प्रत्येक भागाला की शेवटी एकदाच? आयएसई आणि एमएसई आधीच पूर्णांकात केले तर १६.६७ चे १७ आणि १८.६ चे १९ होतात, आणि ए प्लसला ९० ऐवजी ८८ पुरतात. दुसरी, चौथी क्विझ झालीच नाही तर काय? आपल्याकडे हा प्रश्न नुसता कल्पनेतला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा वेळापत्रकं कशी कोलमडली ते सांगलीकरांना सांगायला नको. क्विझ रद्द झाली आणि तीनही धरल्या तर आयएसई १३.३३ वर थांबते. तीनातल्या चांगल्या दोन धरायचं ठरलं तर १५ होते, आणि मग ए साठी ईएसईत ७३ पुरतात.